VLOOKUP चे टाचण: शेवटची जागा रिकामी का सोडू नये

(कार्यालयीन कौशल्यांच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर वाशी येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

एमएस-सीआयटी असो किंवा त्यापुढची एखादी कार्यालयीन कौशल्यांची परीक्षा असो, तिची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर फंक्शन्सचे एक टाचण असते. SUM, AVERAGE, COUNT, IF, VLOOKUP अशी नावे एकाखाली एक लिहिलेली असतात आणि प्रत्येकापुढे त्याचा उपयोग एका ओळीत दिलेला असतो. यांतल्या पहिल्या तीन-चार नावांसाठी ती एक ओळ पुरते, कारण SUM चुकले तर बेरीज चुकल्याचे सहसा डोळ्यांना दिसते. VLOOKUP चे तसे नाही. ते चुकीचे उत्तर बरोबर उत्तराइतक्याच शांतपणे दाखवू शकते, आणि म्हणून टाचणातल्या त्या एका ओळीची जागा मला आज एका पूर्ण पानाला द्यायची आहे.

हेच फंक्शन निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्याचे कार्यालय असो, तुर्भ्याचे गोदाम असो, घणसोलीची गृहनिर्माण संस्था असो की इथल्या दाणाबंदरातली घाऊक पेढी असो, नव्या माणसाच्या हाती पहिल्या आठवड्यात येणारे काम बहुतेक वेळा एकाच जातीचे असते. एका यादीत कोड असतात, दुसऱ्या यादीत त्या कोडचे दर किंवा नावे असतात, आणि दुसऱ्या यादीतली माहिती पहिल्या यादीसमोर आणून बसवायची असते. यादी वीस ओळींची असेल तर हे हाताने होते, दोन हजार ओळींची असेल तर होत नाही.

आपण दाणाबंदराचेच उदाहरण घेऊ. मशीद बंदर परिसरातला घाऊक धान्यबाजार वाशीला आला आणि आज इथल्या गाळ्यांमध्ये डाळी, गहू, तांदूळ यांची ठोक खरेदी-विक्री चालते. एका काल्पनिक पेढीची सात मालांची दरयादी आपण सरावासाठी तयार करू. पुढचे दर केवळ हिशोबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत, ते बाजारभाव नाहीत. शीटमध्ये सर्व आकडे इंग्रजी अंकांत टाइप करावेत. पहिल्या ओळीत कॉलमची शीर्षके लिहून दुसऱ्या ओळीपासून ही यादी H, I आणि J या तीन कॉलममध्ये भरा. H मध्ये कोड, I मध्ये मालाचे नाव आणि J मध्ये किलोचा दर.

```
H     I            J
104   हरभराडाळ     86
101   तूरडाळ       152
107   गहू          38
110   तांदूळ       64
102   मूगडाळ       118
108   ज्वारी       46
105   मसूरडाळ      84
```

कोड चढत्या क्रमाने नाहीत, हे आपण मुद्दाम केले आहे. पाठ्यक्रमातल्या सरावाच्या याद्या सहसा नीट क्रमाने लावलेल्या असतात, पण पेढीवरची यादी माल जसजसा वाढतो तसतशी वाढते, आणि क्रम लावायला कोणी बसत नाही.

आता डावीकडे एका गिऱ्हाइकाचे बिल. A मध्ये कोड, B मध्ये नाव, C मध्ये किलो, D मध्ये दर, E मध्ये रक्कम आणि F मध्ये सूट असे कॉलम ठेवा. दुसऱ्या ओळीत कोड १०२ आणि ५० किलो, तिसऱ्या ओळीत १०७ आणि २०० किलो, चौथ्या ओळीत १०५ आणि ३० किलो, पाचव्या ओळीत १०१ आणि २५ किलो. नावाचा कॉलम तूर्त रिकामा राहू द्या. आपल्याला D मध्ये दर आणायचे आहेत.

VLOOKUP ला चार गोष्टी सांगाव्या लागतात. काय शोधायचे, कोणत्या पट्ट्यात शोधायचे, त्या पट्ट्याच्या कितव्या कॉलममधले उत्तर आणायचे, आणि चौथी गोष्ट म्हणजे नेमके तेच मूल्य हवे की जवळचे चालेल. शोध नेहमी पट्ट्याच्या पहिल्या म्हणजे सर्वांत डावीकडच्या कॉलममध्ये होतो, म्हणून कोडचा कॉलम दराच्या डावीकडे असावा लागतो. बहुतेक टाचणांमध्ये पहिल्या तीन गोष्टी ठसठशीत लिहिलेल्या असतात आणि चौथी कंसात, जणू ती ऐच्छिक आहे. नियमाने ती ऐच्छिक आहेच. ती लिहिली नाही तरी एक्सेल तक्रार करत नाही, पण लिहिली नाही म्हणजे निर्णय टळला असे नसते. जागा रिकामी दिसली की एक्सेल तिथे TRUE आहे असे धरते, आणि TRUE चा अर्थ होतो ‘जवळचे चालेल’.

याचा परिणाम काय होतो ते करूनच पाहू. हा सराव पहिला. D2 मध्ये चौथी जागा न भरता पुढील सूत्र लिहा, मग ते D5 पर्यंत खाली ओढा, आणि E2 मध्ये `=C2*D2` लिहून तेही खाली ओढा.

```
=VLOOKUP(A2,$H$2:$J$8,3)
```

मूगडाळीच्या ओळीत दर येईल १५२. गव्हाच्या ओळीत ३८. मसूरडाळीच्या ओळीत पुन्हा १५२. तूरडाळीच्या ओळीत १५२. चारपैकी दोन दर बरोबर आणि दोन चूक. कुठेही लाल रंग नाही, कुठेही #N/A नाही. रकमेची बेरीज २३,५६० रुपये होईल. हिशोब हाताने केला तर ५० किलो मूगडाळीचे ११८ प्रमाणे ५,९०० रुपये, २०० किलो गव्हाचे ७,६००, ३० किलो मसूरडाळीचे २,५२० आणि २५ किलो तूरडाळीचे ३,८०० मिळून १९,८२० रुपये होतात. चार ओळींच्या बिलात ३,७४० रुपयांचा फरक पडला, आणि तो पकडून देणारी एकही खूण पडद्यावर नाही.

दोनच दर का चुकले, आणि दोन का बरोबर आले, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण अर्धवट बरोबर उत्तरे हीच या चुकीची सर्वांत फसवी बाजू आहे. एखादा विद्यार्थी पडताळणीसाठी नेमकी गव्हाची ओळ तपासतो, ती बरोबर निघते आणि तो पुढच्या कामाला लागतो.

‘जवळचे चालेल’ असे सांगितल्यावर एक्सेल यादी वरून खाली वाचत नाही. यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे ते गृहीत धरते आणि शब्दकोश मधोमध उघडून शब्द मागे आहे की पुढे ते ठरवावे तसे ते यादीचे दोन भाग करत जाते. आपल्या सात कोडांपैकी मधला, म्हणजे चौथा कोड ११० आहे. शोधायचा आहे १०२. तो ११० पेक्षा लहान आहे, म्हणून खालचे तीन कोड न पाहताच सोडून दिले जातात, आणि खरा १०२ नेमका त्या सोडून दिलेल्या भागात असतो. वरच्या तीन कोडांतला मधला आहे १०१. तो १०२ पेक्षा लहान आहे, म्हणून त्याच्या खाली पाहिले जाते. तिथे १०७ आहे, तो मोठा आहे, आणि त्यामुळे शोध १०१ वर येऊन थांबतो. १०१ हे १०२ हून लहान मूल्यांपैकी हाती लागलेले शेवटचे मूल्य, म्हणून त्याचा दर, तूरडाळीचा दर, मूगडाळीसमोर येऊन बसतो. १०५ साठी हाच प्रवास घडतो आणि तोच दर मिळतो. १०१ आणि १०७ हे कोड या प्रवासाच्या वाटेवरच असल्याने त्यांचे दर मात्र बरोबर येतात.

आता चौथ्या जागी FALSE लिहा.

```
=VLOOKUP(A2,$H$2:$J$8,3,FALSE)
```

चारही दर बरोबर येतील आणि बेरीज १९,८२० होईल. FALSE असताना नेमके तेच मूल्य शोधले जाते, यादीचा क्रम कसाही असला तरी चालतो, आणि मूल्य सापडलेच नाही तर #N/A दिसते. FALSE ऐवजी 0 लिहिले तरी अर्थ तोच.

‘यादी चढत्या क्रमाने लावली तर चौथी जागा रिकामी सोडायला काय हरकत आहे?’ असा प्रश्न वर्गात हमखास येतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दुसऱ्या सरावात आहे. दरयादी कोडच्या चढत्या क्रमाने लावा, जुने तीन जागांचे सूत्र पुन्हा लिहा, आणि A2 मध्ये १०२ ऐवजी १०३ टाका. १०३ हा कोड यादीत नाही. तरीही दर येईल ११८, म्हणजे मूगडाळीचा, कारण १०३ हून लहान असलेल्यांत सर्वांत मोठा कोड १०२ आहे. ११५ टाकून पाहा, तांदळाचा ६४ हा दर येईल. यादी क्रमाने असली की अस्तित्वात असलेले कोड बरोबर सापडतात, पण टाइप करताना चुकलेल्या कोडलाही काहीतरी दर मिळतोच. FALSE असते तर दोन्ही वेळा #N/A दिसले असते आणि बिल लिहिणाऱ्याला आपली चूक त्याच क्षणी कळली असती. म्हणून माझ्या मते टाचणात VLOOKUP समोर पहिली ओळ अशी असावी: कोड, नाव, क्रमांक यांवरून शोध घेताना शेवटी FALSE.

#N/A ला घाबरणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहतो. परीक्षेत ते दिसले की उत्तर चुकले असे वाटते आणि ते घालवण्याची घाई होते. पण त्याचा अर्थ एवढाच असतो की दिलेल्या पट्ट्यात हे मूल्य सापडले नाही. का सापडले नाही याची कारणे मोजकी आहेत, आणि ती एका ठरावीक क्रमाने तपासली तर बहुतेक वेळा लवकर हाती लागतात.

पहिले कारण डॉलरच्या चिन्हाचे. आपण वर पट्टा `$H$2:$J$8` असा लिहिला. डॉलर न लावता `H2:J8` लिहून सूत्र खाली ओढले तर काय होते तो तिसरा सराव. यादी आधीच्या मूळ क्रमाने लावून घ्या, A2 मध्ये पुन्हा १०२ टाका, आणि डॉलरशिवायचे चार जागांचे सूत्र D5 पर्यंत ओढा. पहिल्या तीन ओळींत बरोबर दर येतील आणि चौथ्यात, म्हणजे तूरडाळीच्या ओळीत, #N/A येईल. सूत्र एक ओळ खाली गेले की पट्टाही एक ओळ खाली सरकतो. D5 मध्ये पोहोचेपर्यंत तो `H5:J11` झालेला असतो आणि १०१ हा कोड H3 मध्ये वरच राहून गेलेला असतो. बाकीचे कोड सरकलेल्या पट्ट्यातही होते, म्हणून ते सापडले. अशा वेळी ‘तूरडाळ यादीत नाही’ असे समजून ती खाली पुन्हा टाइप करणारे लोक असतात, आणि मग यादीत एकच माल दोनदा येतो. तपासायची रीत सोपी आहे. D5 वर जाऊन F2 दाबा. सूत्रात आलेल्या पट्ट्याभोवती रंगीत चौकट दिसते आणि ती चौकट खाली सरकलेली असली तर नजरेत भरते. सूत्र लिहिताना पट्टा निवडल्यावर लगेच F4 दाबले की डॉलरची चिन्हे आपोआप लागतात.

दुसरे कारण अधिक चकवणारे आहे. कोड डोळ्यांना दिसतो, यादीतही दिसतो, पट्टाही बरोबर आहे, तरीही #N/A. इथे एकीकडचा कोड हा आकडा असतो आणि दुसरीकडचा मजकूर. दुसऱ्या एखाद्या प्रणालीतून उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये हे वारंवार घडते. चौथा सराव म्हणून A4 मध्ये आधी एकेरी अवतरणचिन्ह देऊन कोड टाका: `'105`. कोड सेलच्या डाव्या कडेला जाऊन बसेल, बहुधा कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दिसेल, आणि D4 मध्ये #N/A येईल. कारण VLOOKUP च्या दृष्टीने १०५ हा आकडा आणि ‘१०५’ हा मजकूर या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

कोणी सेलची मांडणी मध्यभागी केलेली असेल तर डावी-उजवी कड पाहून काही कळत नाही. तेव्हा टाचणातली दोन साधी फंक्शन्स कामाला येतात, जी एरवी ‘मोजणारी’ म्हणून एका ओळीत गुंडाळली जातात.

```
=COUNT(A2:A5)
=COUNTA(A2:A5)
```

COUNT फक्त आकडे मोजते, COUNTA रिकामे नसलेले सर्व सेल मोजते. आपल्या शीटमध्ये पहिले ३ दाखवेल आणि दुसरे ४. या दोहोंतला फरक म्हणजे आकड्यांच्या वेषात आलेल्या मजकुराची संख्या. हीच तपासणी H कॉलमवरही करावी, कारण दोष बिलात नसून दरयादीत असण्याची शक्यता तेवढीच असते. आणखी एक बारकावा मला विशेष उपयोगी वाटतो. `=COUNTIF($H$2:$H$8,A4)` लिहून पाहा. ते १ दाखवेल, कारण COUNTIF मजकुरातल्या आकड्यालाही आकड्यासारखेच वागवते. म्हणजे COUNTIF म्हणते कोड आहे आणि VLOOKUP म्हणते नाही, असे झाले आणि डॉलर जागेवर असले, तर आकडा आणि मजकूर यांचा घोळ आहे असे समजावे.

दुरुस्ती करताना बरेच जण सेलचे फॉरमॅट बदलून Number करतात आणि काहीच बदलले नाही म्हणून गोंधळतात. फॉरमॅट बदलल्याने आधीच आत असलेला मजकूर आकडा होत नाही. तो कॉलम निवडून Data टॅबमधले Text to Columns उघडावे आणि पुढे काहीही न बदलता Finish दाबावे, म्हणजे सगळा कॉलम एकदम आकड्यांत बदलतो. एखाद-दोन सेल असतील तर कोड पुन्हा टाइप करणे पुरते, मात्र सेलचे फॉरमॅट Text असेल तर ते आधी General करून घ्यावे लागते.

तिसरे कारण नावावरून शोध घेताना येते आणि ते मराठी मजकुरात अधिक भेटते. पट्ट्याचा पहिला कॉलम नावाचा ठेवून ‘मूगडाळ’ शोधली, पण यादीत तिच्यामागे एक मोकळी जागा टाइप झालेली असली, तर ती सापडणार नाही. पाचवा सराव असा: कुठल्याही दोन सेलमध्ये ‘मूगडाळ’ लिहा, दुसऱ्यात शेवटी स्पेसबार दाबा, आणि दोन्हींवर LEN चालवा. पहिल्याचे उत्तर ६ येईल आणि दुसऱ्याचे ७. चार अक्षरांच्या शब्दाची लांबी सहा का, असे वाटेल. LEN काना, मात्रा, उकार स्वतंत्र मोजते, म्हणून म, ऊकार, ग, ड, काना आणि ळ असे सहा झाले. इथे महत्त्वाचे आहे ते दोन उत्तरांतले अंतर. ही जागा TRIM ने जाते. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात मात्र कधीकधी न तुटणारी मोकळी जागा येते, तिचा क्रमांक १६० असतो आणि TRIM तिला हात लावत नाही. तिच्यासाठी पुढचे सूत्र लागते.

```
=TRIM(SUBSTITUTE(I2,CHAR(160)," "))
```

मराठी नावांत याहूनही अडचणीच्या गोष्टी आहेत. ‘हरभराडाळ’ आणि ‘हरभरा डाळ’ ही माणसासाठी एकच वस्तू आहे, सूत्रासाठी नाही, आणि तिथे TRIM चा उपयोग नाही, कारण शब्दांमधली एक जागा ते राहू देते. काही मराठी जोडाक्षरे टाइप करताना मध्ये न दिसणारे जोडचिन्ह येते, आणि दोन वेगळ्या कीबोर्डवर टाइप केलेला, दिसायला सारखाच शब्द LEN ला वेगळ्या लांबीचा भरतो. म्हणून शोध नेहमी कोडवर घ्यावा आणि नाव हे उत्तर म्हणून आणावे. आपल्या बिलातला B कॉलम तसाच भरायचा आहे: तेच सूत्र, फक्त तिसऱ्या जागी 3 ऐवजी 2.

आता #N/A लपवण्याविषयी. टाचणात पुष्कळदा `IFERROR` ची शिफारस असते आणि उदाहरण असते चूक आल्यास शून्य दाखवण्याचे. बिलात हे करू नये असे माझे ठाम मत आहे. कोड सापडला नाही की दर शून्य होतो, रक्कम शून्य होते, बेरीज व्यवस्थित येते आणि तो माल गिऱ्हाइकाला फुकट जातो. शिवाय IFERROR सर्व प्रकारच्या चुका झाकते. फंक्शनचे नाव चुकून येणारी #NAME? आणि पट्ट्यात नसलेला कॉलम मागितल्यावर येणारी #REF! या दोन्हींवरही तेच शून्य बसते. एक्सेल २०१३ पासून IFNA उपलब्ध आहे, ते फक्त ‘सापडले नाही’ एवढीच चूक हाताळते.

```
=IFNA(VLOOKUP(A2,$H$2:$J$8,3,FALSE),"कोड तपासा")
```

असे लिहिल्यावर न सापडलेल्या कोडसमोर सूचना दिसते, पुढे किलोने गुणताना रकमेत #VALUE! येते आणि एकूण बेरीजही अडते. ती अडलेलीच बरी, कारण अपुरे बिल छापून बाहेर जात नाही.

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की TRUE हा केवळ सापळा आहे. तसे नाही. जिथे मूल्य एका टप्प्यात बसवायचे असते तिथे TRUE च लागते, आणि परीक्षेत गुणांवरून श्रेणी, विक्रीवरून कमिशन किंवा वजनावरून सूट असे प्रश्न त्यासाठीच असतात. आपली पेढी ठोक खरेदीवर सूट देते असे समजू. २५ किलोपेक्षा कमी मालावर सूट नाही, २५ पासून १ टक्का, ५० पासून २ टक्के आणि १०० पासून ३ टक्के. ही सारणी L आणि M मध्ये, दुसऱ्या ते पाचव्या ओळीत लिहा.

```
L     M
0     0%
25    1%
50    2%
100   3%
```

L मध्ये प्रत्येक टप्प्याचा फक्त आरंभ लिहायचा आहे. ‘25-50’ असे लिहिले तर तो मजकूर होतो आणि वजनाच्या आकड्याशी जुळत नाही. पहिली ओळ शून्याची हवीच, कारण ती नसेल तर १० किलोच्या मालाला त्याहून लहान आरंभ सापडत नाही आणि #N/A येते. आणि सारणी चढत्या क्रमानेच हवी, त्याचे कारण आपण वर पाहिले. F2 मध्ये सूटीची रक्कम अशी येईल:

```
=E2*VLOOKUP(C2,$L$2:$M$5,2,TRUE)
```

त्याआधी A4 मधले अवतरणचिन्ह काढा आणि D2 ते D5 मध्ये डॉलर असलेले चार जागांचे सूत्र परत लिहा. मग हे सूत्र F5 पर्यंत ओढा. मूगडाळ ५० किलो आहे, म्हणजे नेमकी टप्प्याच्या आरंभावर, तिला २ टक्के म्हणजे ११८ रुपये. गहू २०० किलो, ३ टक्के, २२८ रुपये. मसूरडाळ ३० किलो, १ टक्का, २५ रुपये २० पैसे. तूरडाळ २५ किलो, १ टक्का, ३८ रुपये. एकूण सूट ४०९.२० आणि देय रक्कम `=SUM(E2:E5)-SUM(F2:F5)` म्हणजे १९,४१०.८० रुपये. याच सूत्रात FALSE लिहून पाहा. मूगडाळ आणि तूरडाळ यांची सूट बरोबर येईल, कारण ५० आणि २५ हे आकडे सारणीत जसेच्या तसे आहेत, गहू आणि मसूरडाळ यांच्यासमोर #N/A येईल. दर काढताना TRUE ने दोन ओळी बिघडल्या होत्या, सूट काढताना FALSE ने दोन बिघडतात. फरक इतकाच की या वेळी बिघाड स्पष्ट दिसतो. प्रश्न वाचताना स्वतःला एवढेच विचारावे की मधल्या मूल्याला अर्थ आहे का. ३० किलोला २५ आणि ५० यांच्या मध्ये अर्थ आहे, कोड १०३ ला १०२ आणि १०४ यांच्या मध्ये काही अर्थ नाही.

दरयादी सांभाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. FALSE असताना कोड दोनदा आला तर वरून पहिला धरला जातो. मूगडाळीचा दर वाढला म्हणून जुनी ओळ तशीच ठेवून यादीच्या शेवटी नवी ओळ घातली, तर बिलात जुनाच दर येत राहील. नवी ओळ `$J$8` च्या खाली गेली असेल तर ती पट्ट्यातच नसते, हे आणखी वेगळे. रिकाम्या K कॉलममध्ये `=COUNTIF($H$2:$H$8,H2)` लिहून खाली ओढले की कोणता कोड एकाहून जास्त वेळा आहे ते कळते. पट्टा आपल्या यादीच्या लांबीइतका वाढवून घ्यावा.

शेवटचा मुद्दा तिसऱ्या जागेचा. तिथे आपण 3 हा आकडा हाताने लिहितो. उद्या कोणी नाव आणि दर यांच्यामध्ये ‘प्रत’ नावाचा नवा कॉलम घातला, तर पट्टा आपोआप `$H$2:$K$8` होतो, पण 3 तसाच राहतो आणि दराऐवजी नवा कॉलम वाचला जातो. तो रिकामा असेल तर उत्तर शून्य दिसते. यावर उपाय INDEX आणि MATCH ची जोडी.

```
=INDEX($J$2:$J$8,MATCH(A2,$H$2:$H$8,0))
```

MATCH कोड कितव्या स्थानावर आहे ते सांगते आणि INDEX त्या स्थानावरचा दर देते. मध्ये कॉलम घातला तरी दराचा पट्टा स्वतःच सरकतो आणि उत्तर बदलत नाही. फक्त MATCH ची तिसरी जागाही रिकामी सोडली तर ‘जवळचे चालेल’ असाच अर्थ होतो, म्हणून तिथे 0 लिहायलाच हवा. एक्सेल २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये XLOOKUP आहे. ते काही न सांगताही नेमकेच मूल्य शोधते आणि नव्या कार्यालयांत ते जरूर वापरावे. एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये मात्र ते नाही, तिथे टाइप केले तर #NAME? येते, म्हणून परीक्षा कोणत्या आवृत्तीवर आहे हे आधी विचारून घ्यावे.

घरी करायचा सराव याच शीटवर आहे. D2 आणि D3 मध्ये VLOOKUP, D4 आणि D5 मध्ये INDEX व MATCH ठेवा, F मधल्या सूत्रांत पुन्हा TRUE लिहून देय रक्कम १९,४१०.८० येते याची खात्री करा, आणि मग I व J यांच्यामध्ये एक रिकामा कॉलम घाला. मूगडाळ आणि गहू यांचे दर शून्य होतील, मसूरडाळ आणि तूरडाळ यांचे ८४ आणि १५२ तसेच राहतील, आणि देय रक्कम ६,२५६.८० वर येईल. वरच्या दोन सूत्रांत 3 च्या जागी 4 लिहिल्यावर ती पुन्हा १९,४१०.८० झाली पाहिजे.